सँडलचा सोल महिन्याभरात निघाला: दुकानाला तक्रारपत्र कसं लिहायचं आणि कसं द्यायचं

सोल निघालेली सँडल घेऊन गिऱ्हाईक दुकानात जातं, काउंटरवर तावातावाने बोलतं. दुकानदार म्हणतो, "ठेवून जा, कंपनीला पाठवतो." गिऱ्हाईक सँडल आणि मूळ बिल दोन्ही ठेवून येतं. तीन आठवड्यांनी "कंपनीने नाकारलं" असा निरोप मिळतो आणि तोवर हातात सँडल नसते, बिल नसतं आणि आपण कधी काय बोललो याचा कागदही नसतो. पत्र लिहायचं असतं ते यानंतर नव्हे, याच्या आधी.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. हे पत्र दुकानदाराच्या नावाने असलं तरी पुढे ते कंपनीचा माणूस, ग्राहक हेल्पलाइन आणि वेळ आलीच तर ग्राहक आयोग वाचणार असतो. तुम्हाला, दुकानाला आणि सँडलला कधीही न पाहिलेल्या माणसाला पाच मिनिटांत सगळं कळेल, असं ते असायला हवं.

खाली एक नमुना प्रकरण धरलं आहे. नाशिकमधल्या एका दुकानातून ७ जून २०२५ ला १,१५० रुपयांची सँडलची जोडी घेतली. २७ जूनला, म्हणजे विसाव्या दिवशी, डाव्या सँडलचा सोल चवड्याकडून सुटला.

पायरी १: सँडल आहे तशी काढून ठेवा

सोल सुटला की पहिला मोह चिकटवण्याचा होतो. घरात फेविक्विक असतं, कोपऱ्यावर गटई कामगार बसलेला असतो आणि वीस-तीस रुपयांत काम होतं. पण एकदा दुसरा डिंक लागला की मूळ जोड कसा होता हे कुणालाच सांगता येत नाही. फेविक्विकचा कडक पांढरट थर दुकानदाराला लगेच दिसतो आणि "तुम्हीच छेडछाड केली आहे" हे उत्तर त्याला आयतं मिळतं. खिळे किंवा शिवण घातली तर प्रकरण जवळपास तिथेच संपतं.

सुटलेला भाग ओढून "किती सुटलंय" हेही पाहू नका. जेवढं आपोआप सुटलं तेवढंच पुरावा म्हणून चालतं. सँडल ओली असेल तर सावलीत वाऱ्यावर वाळवा. ऊन, गॅसची शेगडी, हेअर ड्रायर यापासून लांब ठेवा, कारण उष्णतेने चिकटवण मऊ होऊन उरलेला जोडही सुटतो. मग कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून मूळ खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली की आत दमटपणा साचतो.

इशारा: खराबी फक्त डाव्या सँडलची असली तरी उजवी घालू नका आणि टाकूही नका. दुकान बदलून देतं ती जोडी, एक पाय नव्हे.

पायरी २: सोल कसा निघाला ते नीट पाहा

बहुतेक पत्रं इथेच फसतात. "अत्यंत निकृष्ट दर्जाची सँडल" हे मत झालं. दुकानदार त्यावर "आमच्याकडे इतरांची तक्रार नाही" एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. सुटलेल्या दोन पृष्ठभागांवर काय दिसतं ते लिहिलं तर असं झटकता येत नाही. उजेडात सँडल धरा आणि तीनपैकी कोणता प्रकार आहे ते ठरवा.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. चिकटवणीचा थर एकाच बाजूला राहिलेला असतो आणि समोरची बाजू गुळगुळीत, कोरी असते. चिकटवलेला सोल टिकण्यासाठी पृष्ठभाग आधी घासून खरखरीत करावा लागतो, साच्यातून आलेला तेलकट थर पुसावा लागतो, मग चिकटवण लावून ती ठरावीक वेळ वाळल्यावर गरम असतानाच दाब द्यावा लागतो. यातलं काही राहून गेलं की सोल असा पापुद्र्यासारखा निघतो. वापराने झिजून सुटलेला जोड सहसा इतका स्वच्छ नसतो, म्हणून हा प्रकार तुमच्या बाजूचा.

दुसऱ्या प्रकारात सोलच्या फोमचे किंवा वरच्या चामड्याचे तुकडे फाटून चिकटवणीला चिकटून राहिलेले असतात. म्हणजे जोड पक्का होता, माल फाटला. माल कच्चा असू शकतो, तसाच सोल कुठेतरी अडकून ओढला गेलेलाही असू शकतो. चवड्याच्या टोकावर ओरखडे आहेत का पाहा. स्कूटर थांबवताना पाय घासत नेण्याची सवय असेल तर ते ओरखडे हमखास सापडतात आणि दुकानदार पहिली नजर तिथेच टाकतो.

तिसरा प्रकार पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या हलक्या प्लॅस्टिकच्या सोलचा. सोल सुटत नाही, तो भुसभुशीत होतो. नख दाबलं की चुरा पडतो किंवा चिकट भेगा दिसतात. हवेतला दमटपणा वर्षानुवर्षं मुरून पीयूची ताकद जाते आणि हे खोक्यात न वापरलेल्या जोडीतही घडतं. म्हणून खोक्यावरच्या लेबलवर निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहा. तीन-चार वर्षांपूर्वीची तारीख निघाली तर दुकानाने जुना पडून राहिलेला माल विकला हा तुमच्या पत्रातला मुख्य मुद्दा होतो.

आता उजव्या सँडलच्या कडेला अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. तिथेही फट दिसत असेल तर नक्की लिहा. दोन्ही पायांत एकाच जागी सुरू झालेली खराबी वापराच्या चुकीपेक्षा बनावटीकडे बोट दाखवते.

तपासा: सोलच्या खालची नक्षी अजून धारदार आहे का? असेल तर तिचा वेगळा फोटो काढा. "खूप वापरली असणार" या आक्षेपाला त्या फोटोइतकं चांगलं उत्तर नाही.

पायरी ३: फोटो आणि कागद

पाच-सहा फोटो पुरतात: पूर्ण जोडी वरून, पूर्ण जोडी खालून, सुटलेल्या जागेला फूटपट्टी लावून, दोन्ही उघडे पृष्ठभाग जवळून, खोक्याचं लेबल आणि बिल. फूटपट्टी विसरू नका. "बराच सुटला" आणि "टोकापासून साडेसहा सेंटिमीटर सुटला" यात फार फरक पडतो.

बिल थर्मल कागदाचं, म्हणजे गुळगुळीत आणि उन्हात काळं पडणारं असेल तर आजच त्याची झेरॉक्स काढा. काही महिन्यांत त्यावरची छपाई उडते. बिल हरवलं असेल किंवा दिलंच नसेल तर यूपीआयच्या नोंदीतला व्यवहार क्रमांक, कार्डाचं स्टेटमेंट किंवा दुकानाचा मेसेज शोधा. खोक्यावरचा आर्टिकल नंबर, साइज, रंग आणि एमआरपी टिपून ठेवा. खोक्यात वॉरंटीचं कार्ड असेल तर त्यातली मुदत आणि अटी वाचा. काही कंपन्या सोलची वेगळी मुदत देतात आणि "पाण्यात वापरू नये" असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

पायरी ४: दुकानात एक फेरी, पण मोकळ्या हाताने परत येऊ नका

पत्राआधी एकदा तोंडी सांगणं बरं. अनेकदा काम तिथेच होतं. जाताना सँडल आणि बिलाची झेरॉक्स न्या, मूळ बिल घरीच ठेवा. दुकानदार काय म्हणाला ते बाहेर पडल्यावर लगेच तारखेसह लिहून ठेवा, त्याच्याच शब्दांत. आपल्या प्रकरणात २८ जूनला काउंटरवर उत्तर मिळालं: "पावसात घातली असणार. चिकटवून देतो, बदलून मिळणार नाही."

"कंपनीला पाठवतो" म्हणाले तर हरकत नाही, पण लेखी पावती घ्या. तीत आर्टिकल नंबर, साइज, "तपासणीसाठी घेतली" हे शब्द, तारीख आणि परत कधी मिळणार ते हवं. पावती देत नसतील तर सँडल उचला आणि घरी या.

पायरी ५: तारखा मोजा आणि एकच मागणी ठरवा

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठीची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. आपल्या प्रकरणात बिलावर मुदत नव्हती, फक्त "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का होता. ही काही मुदत नव्हे, आणि असा शिक्का मारून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. म्हणून ७ जुलैच्या आत पत्र दुकानाच्या हातात पडलं पाहिजे.

बिलावर सात दिवस लिहिले असतील आणि ते उलटून गेले असतील तर ३० दिवसांचा हा मुद्दा पत्रात घालू नका, तो खोडला जाईल. मात्र वस्तूत दोष आहे ही तक्रार तरीही करता येते. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे.

मागणी सरळ ठेवा: त्याच साइजची नवी जोडी, ती उपलब्ध नसेल तर १,१५० रुपये परत. यात "मानसिक त्रासाचे २५,००० रुपये" घातले की पत्र गंभीरपणे घेतलं जात नाही. भरपाई मागायचीच असेल तर ती आयोगापुढच्या तक्रारीत मागता येते. दुकानाला दिलेल्या पहिल्या पत्रात तिचं काम नाही.

पायरी ६: पत्र

एक पान, शक्यतो टाइप केलेलं, परिच्छेदांना क्रमांक. क्रमांक असले की उत्तर देणाऱ्याला अडचणीचा मुद्दा गाळून जाता येत नाही. नमुना असा:

> (तुमचे नाव, पत्ता, मोबाइल)
> दिनांक : ३० जून २०२५
>
> प्रति,
> मालक / व्यवस्थापक,
> (बिलावर छापलेले दुकानाचे पूर्ण नाव व पत्ता), नाशिक
>
> विषय : २० दिवसांत सोल सुटलेली सँडलची जोडी बदलून मिळण्याबाबत
> संदर्भ : आपले बिल क्र. ४१२, दि. ७ जून २०२५, रक्कम रु. १,१५०
>
> महोदय,
>
> १. वरील बिलाने मी आपल्या दुकानातून सँडलची एक जोडी घेतली. आर्टिकल नं. ____, साइज ८, रंग तपकिरी. रक्कम यूपीआयने दिली.
>
> २. दि. २७ जून रोजी डाव्या सँडलचा सोल चवड्याच्या टोकापासून ६.५ सें.मी. सुटला. सुटलेल्या जागी चिकटवणीचा थर फक्त सोलच्या बाजूला आहे. वरच्या भागाची बाजू गुळगुळीत व कोरी आहे. उजव्या सँडलला त्याच जागी सुमारे १ सें.मी. फट दिसते. दोन्ही सोलांची खालची नक्षी झिजलेली नाही.
>
> ३. सँडल नेहमीच्या चालण्यासाठी वापरली. रस्त्यावरच्या पावसात ती दोन-तीन वेळा ओली झाली. ती पाण्यात बुडवलेली, धुतलेली किंवा उष्णतेने वाळवलेली नाही. कोणतीही दुरुस्ती केलेली नाही. पावसात वापरू नये अशी सूचना विक्रीच्या वेळी दिली गेली नाही व खोक्यावरही नाही.
>
> ४. दि. २८ जून रोजी मी दुकानात सँडल दाखवली. "चिकटवून देतो, बदलून मिळणार नाही" असे काउंटरवर सांगण्यात आले. दोन्ही पायांत एकाच जागी जोड सुटत असल्याने चिकटवणे मला मान्य नाही.
>
> ५. ही सदोष वस्तू असून खरेदीपासून ३० दिवसांच्या आत मी ती परत देण्यास तयार आहे. कृपया त्याच साइजची नवी जोडी द्यावी. ती उपलब्ध नसल्यास रु. १,१५० परत करावेत.
>
> ६. दि. १५ जुलै २०२५ पर्यंत लेखी उत्तर द्यावे. उत्तर न मिळाल्यास मला ग्राहक हेल्पलाइन व जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करावी लागेल.
>
> आपला/आपली,
> (सही)
>
> सोबत : बिलाची प्रत, यूपीआय नोंदीची प्रत, ६ फोटो

तिसरा परिच्छेद लोक वगळतात किंवा त्यात खोटं लिहितात. जूनमध्ये नाशिकला सँडल ओली झालीच नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? चिकटवणीवर पाण्याचा डाग दिसला की ते एक खोटं उरलेल्या पाच खऱ्या परिच्छेदांना बुडवतं. किती ओली झाली ते प्रामाणिकपणे लिहा आणि पुढे सूचना नव्हती हे जोडा. सूचना खोक्यावर असेल तर शेवटचं वाक्य काढून टाका. अशा वेळी सगळी भिस्त दुसऱ्या परिच्छेदावर राहते, तो जास्त नेमका करा.

दुसऱ्या परिच्छेदात कारण सांगायला जाऊ नका. "कंपनीने हलकी चिकटवण वापरली" हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. दिसतं तेवढं लिहा, निष्कर्ष वाचणारा काढेल.

"तुमची बदनामी करीन", "दुकान बंद पाडीन" यातलं काही लिहू नका. तसंच उत्तर येण्याआधी दुकानाच्या नावाने समाजमाध्यमांवर टाकू नका. समोरचा मग सोल सोडून तुमच्या पोस्टबद्दलच बोलत राहतो.

तपासा: बिल क्रमांक, रक्कम आणि तारखा बिलाशी जुळवून पुन्हा वाचा. पत्रात ७ जून आणि बिलावर ८ जून निघालं तर दुकानदार वीस दिवसांचा अख्खा हिशोबच नाकारतो.

पायरी ७: पत्र पोचवा आणि पोच घ्या

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर "मूळ पत्र मिळाले" असं लिहून तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का घ्यायचा. त्याच वेळी सँडलही देणार असाल तर पोचेत "सोबत सँडलची एक जोडी, आर्टिकल नं. ____" हे शब्द हवेतच.

काउंटरवरचा मुलगा "मालक नाहीत" म्हणून सही टाळतो, हे नेहमीचंच. वाद घालू नका. त्याच दिवशी पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे "आरपीएडी" मागत खिडकीवर वेळ घालवू नका. पावती जपून ठेवा, आणि तीवरच्या क्रमांकाने ट्रॅकिंग पाहून पत्र पोचल्याच्या नोंदीची छापील प्रत काढा. दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल असेल तर तिथेही पाठवा, पण पोस्टाऐवजी नव्हे, जोडीला.

खोक्यावर कंपनीचा ग्राहक सेवेचा ईमेल असतो. त्यावर पत्राची प्रत टाकली की दुकानावर वरूनही विचारणा येते.

पायरी ८: येणारी उत्तरं

"कंपनीकडे जा" हे सगळ्यात सोपं उत्तर. पैसे दुकानाने घेतले, बिल दुकानाचं आहे, त्यामुळे व्यवहार दुकानाशी झाला. पुढे कंपनीकडून वसूल करायचं की नाही, हा त्यांच्यातला प्रश्न. दोन ओळींत तसं कळवा.

क्रेडिट नोट देऊ केली तर तिची मुदत आणि "फक्त याच शाखेत, सेलमधल्या मालावर नाही" छापाच्या अटी वाचून मगच हो म्हणा. अटी नको असतील तर पैसेच मागा.

चिकटवून घ्यायला तुम्ही तयार झालात तर तारखेसह लिहून घ्या की तोच जोड पुन्हा सुटल्यास जोडी बदलून मिळेल. असं लिहून द्यायला नकार आला, तर त्या दुरुस्तीवर दुकानाचाही विश्वास नाही एवढं उघड आहे.

पायरी ९: उत्तरच आलं नाही तर

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. पत्र, पोच आणि फोटो जोडा, मिळालेला नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनी किंवा विक्रेत्याशी मध्यस्थी करते. ग्राहक सेवा विभाग असलेल्या ब्रँडच्या बाबतीत तिचा उपयोग जास्त होतो, गल्लीतल्या एकट्या दुकानाच्या बाबतीत कमी.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग दुकान पुण्यातलं आणि तुम्ही सोलापूरचे असलात तरी चालतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन दाखल करता येते. गरज वाटली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून तोवर सँडल पहिल्या पायरीत सांगितल्याप्रमाणे जपलेली असली पाहिजे. १,१५० रुपयांसाठी तारखांना हजर राहायचं का, याचा हिशोब मात्र आधीच घरी करा. दाखल करून मध्येच सोडण्यापेक्षा हेल्पलाइनवर थांबणं शहाणपणाचं.

पायरी १०: बदललेली जोडी घेताना

नवी जोडी हातात आली की काउंटरवरच खोक्यावरचा निर्मितीचा महिना पाहा. दोन्ही सँडलच्या चवड्याला आणि टाचेला कडेने अंगठा फिरवा, मग सँडल हलकी वाकवून सोलची कड उघडते का पाहा. बिलावर "बदलून दिली" असं लिहून आजची तारीख घालून घ्या. ती नसेल तर पुढच्या वेळी दिवस ७ जूनपासूनच मोजले जातील.